डक्ट ९०० चा, बांधला ६५० चा: एका ड्रॉइंग सेटचं पोस्टमॉर्टेम

तळमजला धरून चार मजले, आठ फ्लॅट, साधी रेसिडेन्शियल बिल्डिंग. साइट आमच्या ऑफिसपासून पन्नासेक किलोमीटरवर. मी तेव्हा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंगला होतो, दुसरंच वर्ष. पहिला स्लॅब पडून पंधरा दिवस झाले होते, प्लंबर टॉयलेटच्या मागच्या डक्टमधून पाइप कसे उतरवायचे ते बघायला आला, वर मान करून जरा वेळ बघत बसला आणि कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरना, आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणायचो, एवढंच म्हणाला, "अण्णा, पाइप बसतील हो ह्यात. पण उद्या गळती निघाली तर आत उतरायचं कोणी, मांजरानं?"

टेप लावला तर स्लॅबमधलं डक्टचं ओपनिंग लांबीला बरोबर १८०० होतं, रुंदीला मात्र ६५०. आमच्या ड्रॉइंगमध्ये ९००. सहाशे पन्नासमधून ११० चे दोन आणि ७५ चा एक पाइप, त्यांचे क्लॅम्प, हे सगळं वजा केलं की माणसाला जागा उरतच नाही.

पहिला फोन अर्थातच आमच्या सरांना आणि सरांचं पहिलं वाक्य अर्थातच "मिस्त्रीनं घोळ घातला असणार". मला आणि आमच्या सिनियर ड्राफ्ट्समनना, म्हणजे काकांना, साइटवर पाठवलं. तिथं दुपारभर कागद उलगडत बसल्यावर जे सापडलं ते इथे लिहितोय, कारण ह्यात मिस्त्रीची चूक शून्य होती. मुख्य चूक होती तीन ठिकाणी आणि तिन्ही कागदाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, ज्या चौकटीला टायटल ब्लॉक म्हणतात आणि जी मी दर वेळी जुन्या कामातून कॉपी पेस्ट करून वर फक्त नाव बदलायचो.

आधी काय झालं ते क्रमानं

ह्या कामाला तीन ठिकाणांहून ड्रॉइंग येत होती. आमची १४, स्ट्रक्चरल कन्सल्टंटची ९ आणि प्लंबिंगवाल्यांची ४. तिघांनी आपापल्या ऑफिसात बसून ०१ पासून नंबर टाकलेले. म्हणजे साइटवर तीन ०१, तीन ०२, असं चारपर्यंत तिहेरी आणि पुढे नऊपर्यंत दुहेरी. आमचं ०५ म्हणजे टॉयलेट आणि डक्टचं मोठ्या स्केलचं डिटेल, त्यात ९०० ठळक लिहिलेलं. स्ट्रक्चरलचं ०५ म्हणजे जिन्याच्या सळईचं डिटेल.

मधेच जिन्याचं लँडिंग बदललं, तर स्ट्रक्चरलवाल्यांनी त्यांचं ०५ सुधारून व्हॉट्सअॅपवर टाकलं. फाइलचं नाव `05 R1 final.pdf` आणि खाली मेसेज, "०५ चं नवीन पाठवलंय, जुनं काढून टाका." अण्णा शिस्तीचा माणूस, सांगितलं की लगेच करणार. साइटवरची कागदांची फाइल उघडली, जे पहिलं ०५ दिसलं ते काढलं, फाडलं, नवीन लावलं. ते पहिलं ०५ आमचं होतं, टॉयलेटचं. जिन्याचं जुनं ०५ तर फाइलमध्ये नव्हतंच, ते खाली सळई कापणाऱ्यांकडे होतं आणि तिथंच राहिलं. (जिन्याची सळई अजून कापायला घेतली नव्हती हे नशीब, नाहीतर ह्या लेखात दोन भानगडी असत्या.)

पुढे स्लॅबचं शटरिंग लागलं. स्लॅबच्या स्ट्रक्चरल शीटवर डक्टपाशी टीप होती, "ओपनिंगच्या मापासाठी ड्रॉ. नं. ०५ पाहा." कुणाचं ०५ ते लिहिलेलं नाही. अण्णांनी ०५ उघडलं तर आत जिना. त्यांना वाटलं छापायची चूक असेल, म्हणून आमचा फर्स्ट फ्लोअर प्लॅन काढला. त्यात डक्टची लांबी १८०० लिहिलेली, रुंदीचा आकडा नाही. तो आकडा मी हॅचवर येतोय म्हणून हलवायला घेतला होता आणि परत ठेवायचा राहिला, हे आपलं कबूल करून टाकतो. मग अण्णांनी जे साइटवर कुणीही करेल तेच केलं, पट्टी काढली. कागदावर डक्ट भरला १३ मिमीला जेमतेम. टायटल ब्लॉकमध्ये स्केल १:५०. तेरा गुणिले पन्नास, साडेसहाशे. मिस्त्रीला सांगितलं, मिस्त्रीनं तेवढीच पेटी ठोकली.

गणित बरोबर, पट्टी बरोबर, स्केलही आम्हीच छापलेलं. चुकला होता कागद.

कागद कसा चुकला

ते ड्रॉइंग ए१ साइजला काढलेलं होतं. अण्णांनी पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याच्या दुकानात नेलं, दुकानदार म्हणाला ए२ वर बसवून देतो, निम्म्यात पडेल. बसलं पण अगदी झकास, कुठेही कट नाही, चौकट पूर्ण, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. आणि हे असं झकास बसतं ह्यातच सगळी गोम आहे, म्हणून ए साइज एकदा नीट समजून घ्या.

ए० हा कागद ८४१ बाय ११८९ मिमी, क्षेत्रफळ जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर. त्याची लांब बाजू मधोमध दुमडली की ए१, ५९४ बाय ८४१. तो दुमडला की ए२, ४२० बाय ५९४. मग ए३, २९७ बाय ४२० आणि शेवटी आपला रोजचा ए४, २१० बाय २९७. दर वेळी निम्मा करूनही आकार तोच राहतो कारण लांबी-रुंदीचं प्रमाण वर्गमूळ २ ला १ असं, म्हणजे १.४१४ ला १ ठेवलंय. म्हणून ए१ चं ड्रॉइंग ए२ वर, ए३ वर, ए४ वर, कशावरही चारी बाजूंनी नेमकं बसतं. सोय म्हणून उत्तम, पण धोका असा की कागदाकडे नुसतं बघून ते लहान केलंय हे कळत नाही.

नवीन माणूस इथं एक गल्लत हमखास करतो. ए२ चं क्षेत्रफळ ए१ च्या निम्मं, म्हणून रेषाही निम्म्या होतील असं त्याला वाटतं. तसं नाही. क्षेत्रफळ निम्मं झालं तर रेषेची लांबी ०.७०७ पट होते. रेष निम्मी व्हायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात, ए१ वरून थेट ए३. आता आमचा डक्ट बघा. ९०० मिमी, १:५० ला ए१ वर १८ मिमीची रेष. ए२ वर छापली की १८ गुणिले ०.७०७ म्हणजे १२.७ मिमी. अण्णांना ती तेरा वाटली. त्या कागदाचं खरं स्केल १:५० राहिलंच नव्हतं, ते झालं होतं साधारण १:७१, आणि तशी पट्टी कुठे मिळतच नाही.

गंमत अशी की हेच ए३ वर छापलं असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. कारण मग डक्ट ४५० भरला असता आणि दीड फुटाचा डक्ट म्हटल्यावर मिस्त्रीनंच फोन लावला असता. साडेसहाशे हा आकडा वाईट होता तो खरा वाटण्यासारखा होता म्हणून, शेजारच्या कितीतरी बिल्डिंगांचे डक्ट तेवढेच असतात.

काकांनी हे साइटवर दोन मिनिटांत शोधलं, ते कसं ते सांगतो कारण ते कुणालाही जमेल. त्यांनी प्लॅनवरचं एक लिहिलेलं माप धरलं, दोन कॉलमच्या सेंटरमधलं ४०००. १:५० ला ते कागदावर ८० मिमी यायला पाहिजे. पट्टी लावली, साडेछप्पन्न भरलं. ८० ला ०.७०७ नं गुणा, ५६.६. झालं, कागद एक पायरी खाली उतरलाय. ४० भरलं असतं तर दोन पायऱ्या. ७७-७८ भरलं असतं तर वेगळा आजार, साइज बरोबर आहे पण प्रिंट करताना प्रिंटरच्या मार्जिनमध्ये मावावं म्हणून `Fit to paper` टिक राहिली आणि सगळं दोन-चार टक्के आकसलं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात लबाड, कारण एवढासा फरक डोळ्याला दिसत नाही आणि मापात मात्र ४००० चे ३८७५ होतात.

दुसरी खूण चौकटीची. आयएसओ ५४५७ ह्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार शीटची बॉर्डर डावीकडे २० मिमी आत आणि बाकी तीन बाजूंना १० मिमी आत असते, डावीकडे जास्त ती पंचिंगसाठी. म्हणजे ए१ ची आतली चौकट ८११ बाय ५७४ भरलीच पाहिजे. आपल्याकडे शीट साइजसाठी आयएस १०७११ हे भारतीय मानक आहे, त्यातही कागदाची मापं हीच. अण्णांच्या कागदावर डावं मार्जिन भरलं १४. काका म्हणाले, "मार्जिन मोजलं असतं तरी कळलं असतं रे." पण मार्जिन कोण मोजतं, खरं सांगा.

मग दोष कुणाचा

सरांचं म्हणणं, शीटवर स्पष्ट लिहिलंय की पट्टीनं मोजू नका, लिहिलेलीच मापं धरा, मग त्यांनी मोजलं का? बरोबर आहे, लिहिलं होतं. पण ती टीप आपली जबाबदारी झटकायला असते असं माझं मत झालंय. शटरिंग उभं आहे, काँक्रीटची गाडी उद्या येणार, आकडा लिहिलेला नाही, आणि ज्या शीटवर आहे ती सापडत नाही, अशा वेळी माणूस पट्टी काढणारच. ती टीप असावी, पण तिच्या भरवशावर राहू नये.

त्या दिवशी आमचा टायटल ब्लॉक समोर ठेवून काकांनी माझी शाळा घेतली. त्यात होतं काय? ऑफिसचं नाव आणि लोगो, जवळजवळ निम्मी जागा त्यालाच. प्रोजेक्टचं नाव. शीटचं नाव. स्केल १:५०. नंबर ०३. तारीख होती पण ती पहिल्यांदा ड्रॉइंग सुरू केलं त्या दिवसाची, नंतर दोनदा बदल होऊनही तीच. कागदाची साइज कुठेही नाही. रिव्हिजनची चौकट होती, रिकामी. काढणारा आणि तपासणारा दोन्ही रिकामे. म्हणजे सही नाही, तर तपासलं कुणी हे विचारायचीही सोय नाही.

टायटल ब्लॉकमध्ये काय असावं ह्याला आपल्याकडे आयएस ११६६५ आहे आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ ७२०० आहे. दोन्ही वाचून घाबरायचं काम नाही, त्यामागचा विचार सरळ आहे. साइटवर कागद हातात आला की चार प्रश्न पडतात: हे कुणाचं आणि कशाचं, ह्याचा नंबर काय, हे ताजं आहे का, आणि ह्यावरून काम करायची परवानगी आहे का. ह्या चारांची उत्तरं पूर्ण शीट न उलगडता मिळाली पाहिजेत. म्हणून तो ब्लॉक उजव्या खालच्या कोपऱ्यात. ए१ शीट नीट घडी घालून ए४ एवढी केली की तो कोपरा सगळ्यात वर, फाइल चाळताना दिसेल असा राहतो. आणि म्हणूनच आयएसओवाल्यांनी त्याची रुंदी १८० मिमी ठेवलीय, ए४ ची २१० वजा डावीकडची २० वजा उजवीकडची १०, बघा जमतंय. लोगोला निम्मी जागा देऊन आम्ही नंबर एवढासा केला होता की घडीवर तो दुमडीत जायचा.

परवानगीचा प्रश्न नवीन लोकांना सगळ्यात उशिरा कळतो. एकच प्लॅन नगरपरिषदेच्या मंजुरीसाठी जातो, टेंडरला जातो, आणि शेवटी बांधायला जातो. तिन्ही दिसायला सारखेच, पण मंजुरीच्या प्लॅनवर बांधकामाची मापं अर्धीच असतात, एरिया स्टेटमेंटच मोठं. म्हणून ब्लॉकशेजारी ठळक लिहायचं की हे कशासाठी दिलंय, आणि बांधायच्या शीटवर `GOOD FOR CONSTRUCTION`. साइटवर सगळे त्याला जीएफसी म्हणतात. जीएफसी नाही तर काम नाही, एवढा नियम कॉन्ट्रॅक्टरला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगायचा.

काय बदललं

ऑफिसला परत आल्यावर हे काम माझ्याच गळ्यात पडलं, ज्यानं आकडा गाळला त्यानंच निस्तरावं ह्या न्यायानं.

साइजपासून सुरू केलं. पहिला विचार आला की सगळंच ए३ वर काढू, कुठेही प्रिंट मिळते. पण बिल्डिंग २४ मीटर बाय १५ मीटर, १:५० ला ती कागदावर ४८० बाय ३०० होते, त्याच्या चारी बाजूंना मापांच्या रेषा, खाली ब्लॉक, बाजूला टिपा. ए३ ची आतली जागा ३९० बाय २७७, विषयच संपला. ए२ ची ५६४ बाय ४००, प्लॅन मावतो पण मापं आणि टिपा कोंबाव्या लागतात. म्हणून प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन ए१ वर, आणि टॉयलेट, जिना, दारं-खिडक्यांची यादी असली डिटेल थेट ए३ वर. ए२ आम्ही पूर्ण बंद केलं. कारण वर सांगितलंच, ए१ चं कुणी लहान करून छापलंच तर ते ए३ वर छापलं जावं, म्हणजे स्केल स्वच्छ निम्मं होतं, १:५० चं १:१००, आणि ती पट्टी सगळ्यांकडे असते. ए१ मध्ये अक्षरं किमान साडेतीन मिमीची ठेवली, म्हणजे ए३ वर ती पावणेदोनची होऊन जेमतेम का होईना वाचता येतात. आधी अडीचची होती, ती ए३ वर मुंग्यांसारखी दिसायची.

स्केलच्या चौकटीत आता नुसतं १:५० नाही, असं लिहितो:

```
SCALE  1:50 @ A1   (1:100 @ A3)
```

आणि ब्लॉकच्या वर एक आखीव पट्टी, शून्य ते पाच मीटरची. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा इलाज. कागद कितीही लहान-मोठा छापा, ती पट्टीही तेवढीच लहान-मोठी होते, त्यामुळे शंका आली की तिच्यावर कागदाचा तुकडा धरून माप ताडता येतं. फक्त ती ब्लॉकच्या फाइलमध्ये कायमची चिकटवू नका. मी सुरुवातीला तेच केलं, मग १:२० च्या शीटवर १:५० ची पट्टी गेली आणि काकांनी परत शाळा घेतली.

पीडीएफ काढताना शीटचा लेआउट १:१ आणि `Fit to paper` ची टिक काढलेली. दुकानदारालाही सांगायचं की `Actual size`. २४ इंची रोल असलेल्या प्लॉटरवर ए१ व्यवस्थित बसतो, रोल ६१० मिमीचा आणि कागद ५९४ चा, म्हणजे "आमच्याकडे एवढं मोठं निघत नाही" हे दर वेळी खरं नसतं.

नंबरांवर मात्र जास्त डोकं खाजवावं लागलं, कारण ते फक्त आमच्या हातात नव्हतं. सरांनी स्ट्रक्चरल आणि प्लंबिंगवाल्यांना बोलावून चहावर एवढंच पटवलं की प्रत्येकाच्या नंबराआधी ऑफिसचा नाही तर विषयाचा एक अक्षर हवा: `A` आर्किटेक्चर, `S` स्ट्रक्चर, `P` प्लंबिंग, `E` इलेक्ट्रिकल. अक्षरापुढे तीन आकडे, त्यातला पहिला शीटचा प्रकार सांगतो. हा प्रकार आम्ही अमेरिकेच्या नॅशनल कॅड स्टँडर्डमधून उचलला: ० जनरल, १ प्लॅन, २ एलिव्हेशन, ३ सेक्शन, ४ मोठ्या स्केलचे भाग, ५ डिटेल, ६ शेड्यूल. उरलेले दोन आकडे अनुक्रम. अगदी सुरुवातीला कामाचा नंबर.

```
214-A-102-R0.pdf    First floor plan
214-A-401-R0.pdf    Toilet and duct, enlarged
214-S-501-R1.pdf    Staircase reinforcement
```

आता तोच जुना मेसेज मनात म्हणून बघा, "`S-501` चं नवीन पाठवलंय, जुनं काढा." अण्णांनी कितीही घाई केली असती तरी `A-401` फाडलं गेलं नसतं. आणि स्लॅबवरची टीप झाली असती "`A-401` पाहा", त्यात जिना निघायचा प्रश्नच नाही.

हे तीन आकडे बघून लोक विचारतात, चौदा शीटना एवढं कशाला, १ ते १४ सोपं नाही का? सोपं आहे, पंधरावी शीट येईपर्यंत. समजा पाचव्यानंतर पंपरूमचं एक डिटेल वाढलं. मग ते ५अ करणार, की पंधरावं म्हणून शेवटी टाकणार, की सहापासून पुढच्या सगळ्यांचे नंबर एकेकानं सरकवणार? तिसरा पर्याय दिसायला नीटनेटका आणि तोच जीवघेणा. कारण नंबर फक्त ब्लॉकमध्ये नसतो. प्लॅनवर जिथे जिथे सेक्शनचा किंवा डिटेलचा गोल असतो त्यात वर डिटेलचा नंबर आणि खाली शीटचा नंबर असतो, "हे बघायला त्या शीटवर जा" म्हणून. शीट सरकल्या की हे सगळे गोल खोटं बोलायला लागतात, आणि साइटवर आधीच गेलेल्या छापील कागदांवरचे गोल तर तुम्ही बदलूही शकत नाही. गटवार नंबर असले की पंपरूम गपचूप `A-405` होतं आणि बाकी कुणाला धक्का लागत नाही. त्याच कारणानं "शीट ५ / १४" हे ब्लॉकमधून काढून टाकलं, एक शीट वाढली की चौदाच्या चौदा परत छापायच्या, कुणी सांगितलंय.

आणि एक नियम काकांचा, तो मी आजही पाळतो: शीट रद्द झाली तरी तिचा नंबर दुसऱ्या शीटला द्यायचा नाही. नंबर मेला तर मेला.

रिव्हिजन नंबराचा भाग नाही, ती त्याची अवस्था आहे. `A-401` हे कायम `A-401`, पहिल्यांदा बांधायला दिलं तेव्हा `R0`, बदल झाला की `R1`. पण नुसता आकडा वाढवून काम होत नाही, ब्लॉकवरच्या तक्त्यात एक ओळ लिहायची: रिव्हिजन, तारीख, काय बदललं, कुणी तपासलं. "सर्वसाधारण बदल" असं लिहिणाऱ्याला मी आता तोंडावर विचारतो की म्हणजे नक्की काय, कारण साइटवाला ती ओळ वाचून ठरवतो की चालू काम थांबवायचं की नाही. "डक्टची रुंदी लिहिली, ९००" अशी ओळ पाहिजे. ड्रॉइंगवर बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेष आणि शेजारी त्रिकोणात रिव्हिजनचा आकडा. पुढची रिव्हिजन निघाली की मागचे ढग पुसायचे, त्रिकोण राहू द्यायचे, नाहीतर चौथ्या रिव्हिजनपर्यंत प्लॅनवर पावसाळा.

शेवटचा भाग रजिस्टर, म्हणजे एक साधी यादी, प्रत्येक शीटचा नंबर, नाव, साइज, आत्ता चालू रिव्हिजन आणि ती साइटला दिल्याची तारीख. शीट पाठवली की सोबत ही यादी जाते, एक प्रत साइट ऑफिसच्या भिंतीवर. कुणीही काम सुरू करण्याआधी हातातल्या कागदाचा कोपरा आणि भिंतीवरची ओळ जुळतेय का बघायचं, दहा सेकंदाचं काम. जुना कागद फाडायचा नाही, त्याच्यावर आडवा "रद्द" शिक्का मारून वेगळ्या फाइलला. अण्णांनी फाडला होता म्हणून तर आम्हाला त्या दुपारी अर्धा तास कळतच नव्हतं की टॉयलेटचं डिटेल साइटला गेलंच नाही की जाऊन हरवलं.

ह्या सगळ्यातून सुटत नाही असंही काही आहे. व्हॉट्सअॅपवरून सळईवाल्याच्या मोबाइलमध्ये गेलेली जुनी पीडीएफ कुठलंही रजिस्टर परत आणत नाही. त्यावर आम्ही एवढंच करू शकलो की ग्रुपवर पीडीएफ टाकणं बंद केलं, फक्त "`S-501` `R2` निघालं, ऑफिसमधून प्रत घ्या" असा मेसेज. तो किती पाळला गेला हे विचारू नका. आणि प्लंबिंगवाल्यांनी चहा पिऊनही पहिले दोन महिने ०१, ०२ च चालू ठेवलं, त्यांच्या शीटवर `P` मी हातानं लाल पेननं लिहायचो.

डक्टचं म्हणाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः येऊन बघून गेले. एका बाजूला बीम होता, तिकडे हात लावायचा नाही म्हणाले, दुसऱ्या बाजूला नुसती स्लॅबची कड होती, तिकडून २५० चा पट्टा १८०० लांबीत कापायचा, सळई कुठे आणि कशी तोडायची ते त्यांनी खडूनं आखून दिलं. कापायला दोन दिवस गेले, खर्च आमच्या ऑफिसनं आणि कॉन्ट्रॅक्टरनं अर्धा अर्धा वाटून घेतला. वरच्या मजल्यांना डक्ट ९०० चाच आला. दुसऱ्या स्लॅबच्या आदल्या दिवशी अण्णांचा मला फोन, "`A-401`, `R1`, ए३ वर छापलंय, दोन कॉलममधले चार हजार पट्टीवर मोजून बघितले, दोनशे मिमी भरतात, १:२० आहे ना हे?" म्हटलं हो अण्णा, १:२० च आहे. "मग टाकतो उद्या," म्हणाले आणि फोन ठेवला.